नव्वद सेकंदांत मिटलेलं एक भांडण

किराणा दुकानदारांसाठी उधारी लिहायचं एक ॲप तयार झालं आहे, असं समजू. ते काय काय करतं हे बनवणाऱ्यांना विचारलं तर यादी लांबत जाते. गिऱ्हाइकांची खाती, जमा-नावे, उधारीचा मेसेज, वसुलीची आठवण, बिल, मालाचा साठा, महिन्याचा अहवाल, नोकरासाठी वेगळं लॉगिन, हिशेबाची प्रत ऑनलाइन जपून ठेवायची सोय आणि वापरायला पाच भाषा. या ॲपचा ९० सेकंदांचा डेमो व्हिडिओ करायचा आहे आणि त्याची स्क्रिप्ट लिहायला कुणीतरी बसलं आहे. दहा सोयी, नव्वद सेकंद, म्हणजे प्रत्येकीला नऊ. हे गणित इतकं सोपं आहे की पुष्कळ डेमो त्याच हिशेबानं लिहिले जातात. पण एखादी सोय कुणाला, कधी आणि का लागते हे नऊ सेकंदांत सांगून होत नाही. तिचं फक्त नाव घेऊन होतं. दहा नावं ऐकलेल्या दुकानदाराच्या डोक्यात शेवटी त्यातलं एकही उरत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे दहांपैकी नऊ सोयी बाजूला ठेवायच्या आणि एकाच माणसाची एकच अडचण सुटताना दाखवायची. हा रस्ता धरायला धीर लागतो, कारण ज्यांनी त्या नऊ सोयी रात्र-रात्र जागून बांधल्या ते समोरच बसलेले असतात.

या रस्त्यानं गेलेला एक गाजलेला डेमो ड्रॉपबॉक्सचा आहे. ते सुरुवातीला मोबाइल ॲप नव्हतं, संगणकावरचा प्रोग्रॅम होता. पण डेमो कसा विचार करून लिहावा याचा तो आजही उत्तम नमुना आहे. बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघालेल्या ड्रू ह्यूस्टनच्या लक्षात आलं की आपला पेनड्राइव्ह घरीच राहिला, आणि त्यातून या प्रोग्रॅमची कल्पना निघाली, असं तो सांगत आला आहे. २००७च्या एप्रिलमध्ये त्यानं पहिला व्हिडिओ लोकांसमोर ठेवला. पेनड्राइव्ह फेकून द्या, असं आवाहन त्याच्या शीर्षकातच होतं. पुढच्या वर्षी त्यानं सुमारे तीन मिनिटांचा दुसरा व्हिडिओ केला. त्यात संगणकाचा पडदा आणि ह्यूस्टनचा आवाज एवढंच होतं. एका संगणकावरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती दुसऱ्या संगणकावर दिसते. प्रोग्रॅम तेव्हा सर्वांसाठी खुलाही झालेला नव्हता. तरी त्या व्हिडिओनंतर प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली, असं ह्यूस्टननं पुढे सांगितलं. फायली नेमक्या कशा जुळवल्या जातात, सर्व्हर कुठे आहेत, हे समजून घेण्यासाठी एवढे लोक रांगेत उभे राहिले नव्हते. फाइल घरी आणि आपण बाहेर, ही फजिती प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेली होती.

तेव्हा स्क्रिप्टचं पहिलं काम अडचण निवडायचं, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा. ‘उधारी सांभाळणं’ ही अडचण नाही, तो नुसता विषय झाला. अडचणीला माणूस असतो, तारीख असते, रक्कम असते आणि काहीतरी अडलेलं असतं. दुकानाच्या गल्ल्यापाशी अर्धा दिवस उभं राहिलं तर उधारीच्या निदान तीन अडचणी कानावर येतात. एक, घाईत उधारी लिहायची राहून जाते. दोन, पैसे वेळेवर येत नाहीत. तीन, महिनाअखेरीला गिऱ्हाईक म्हणतं, “एवढे कसे झाले?”

तिन्ही खऱ्या आहेत. त्यातली डेमोसाठी कोणती, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. या अडचणीचं कारण ॲप खरोखर दूर करतं का? पहिलीचं उत्तर नाही असं येतं. गर्दीच्या वेळी जो वहीत लिहायला विसरतो तो फोनमध्येही विसरेल. दुसरीत ॲप आठवणीचा मेसेज पाठवू शकतं, पण पैसे येणं गिऱ्हाइकाच्या खिशावर अवलंबून आहे, आणि डेमोत आठवण गेली की पैसे आले असं दाखवणं ही थाप ठरेल. तिसरीचं कारण मात्र नेमकं सापडतं. उधारी लिहिली जाते त्या दिवशी ती फक्त दुकानदाराला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाला ती थेट महिन्याच्या शेवटी कळते. मधल्या दिवसांत घरातल्या कुणी काय नेलं हे विसरलेलं असतं. नोंद झाल्या झाल्या गिऱ्हाइकाला मेसेज गेला तर हे कारणच उरत नाही. शिवाय ही अडचण डोळ्यांना दिसते. काउंटरच्या दोन बाजूंना दोन माणसं, मध्ये एक वही आणि दोघंही आपापल्या परीनं खरी. लिहिणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

आता शब्दांचा हिशेब. सावकाश, दुकानाच्या गोंगाटातही समजेल अशा मराठी वाचनात मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द बसतात. म्हणजे नव्वद सेकंदांत फार तर १८० शब्द. इंग्रजीत हा आकडा बराच मोठा असतो, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि शब्द लांब होतात. ‘दुकानदारांसाठीसुद्धा’ हा मोजायला एकच शब्द, पण बोलायला पुरा एक श्वास घेतो. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत इंग्रजी स्क्रिप्ट आधी मंजूर होते आणि मग तिचं मराठी केलं जातं. त्यातल्या अनेक व्हिडिओंत निवेदक धापा टाकत बोलतो त्याचं कारण हेच. पण हे १८० शब्दही वापरायचे नसतात. पडद्यावर बोट फिरत असताना पाहणारा वाचतही असतो, आणि वाचताना कानावर बोलणं चालू राहिलं तर दोन्ही निसटतात. म्हणून ऐकू येणारे शब्द शंभराच्या आसपास ठेवायचे आणि उरलेल्या जागेत चित्राला बोलू द्यायचं.

अशी स्क्रिप्ट कागदावर दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. मासिकाच्या पानासाठी ते दोन्ही एकत्र करून आपली स्क्रिप्ट अशी होईल.

० ते १० सेकंद. महिन्याची तीस तारीख, किराणा दुकान. शिंदेवहिनी पर्स उघडून उभ्या, अण्णा वहीवर बोट ठेवून. वहिनी: “दोन हजार तीनशे ऐंशी? अण्णा, तेल तर आम्ही नेलंच नाही!” अण्णा: “सत्तावीस तारखेला नेलंय, वहिनी.” वहिनी: “कोणी?” अण्णा पान उलटतात. मागच्या रांगेतलं गिऱ्हाईक घड्याळ बघतं.

१० ते १६ सेकंद. वहीतली ओळ जवळून: शिंदे, तेल, ६४०. निवेदन: “अण्णा खरं बोलतायत. वहिनीसुद्धा. तरी पैसे अडकले.”

१६ ते २२ सेकंद. पडद्यावर अक्षरं: तीन दिवसांपूर्वी. वहिनींचा मुलगा तेलाचा डबा उचलून निघतो. अण्णांच्या हातात या वेळी फोन. निवेदन: “हीच उधारी, पण फोनवर लिहिली तर?”

२२ ते ४० सेकंद. फोनचा पडदा, पूर्ण चौकटभर. नावांच्या यादीतून ‘शिंदेवहिनी’. रक्कम ६४०. खाली शेरा: तेल. ‘उधारी दिली’ हे बटण. एकूण बाकी १,७४० वरून २,३८० होते. निवेदन: “वहिनींचं खातं. सहाशे चाळीस. तेल. झालं.” उरलेला वेळ शांतता, फक्त बटणांचा आवाज.

४० ते ५५ सेकंद. वहिनींचं स्वयंपाकघर. फोन वाजतो. मेसेज चौकटभर: ‘तेल ६४० रु. एकूण बाकी २,३८० रु. अण्णा किराणा स्टोअर्स’. वहिनी: “रोहन, तेल आणलंस का रे तू?” आतून आवाज: “हो, आजीनं सांगितलं होतं!”

५५ ते ७५ सेकंद. पुन्हा तीस तारीख, तेच दुकान. वहिनी मोजलेल्या नोटा पुढे करतात: “दोन हजार तीनशे ऐंशी ना, अण्णा?” अण्णा ‘जमा’ दाबतात. बाकी शून्य. अण्णा: “आणि चहापत्ती देऊ का? संपली असेल.” मागचं गिऱ्हाईक पुढे सरकतं.

७५ ते ९० सेकंद. निवेदन: “उधारी लिहिली, की गिऱ्हाइकाला मेसेज. भांडायला काही उरतच नाही.” ॲपचं नाव, ते कुठे मिळेल ही ओळ, आणि शेवटचे सहा सेकंद काहीही न बोलता.

बोलले जाणारे शब्द इथे शंभराच्याही बरेच आत आहेत. तरी गोष्ट कुठे अडत नाही, कारण ती चित्रावर उभी आहे. पण अशी स्क्रिप्ट पहिल्या फटक्यात उतरत नाही, आणि तिचे काही बारकावे थांबून पाहण्यासारखे आहेत.

तारीख घ्या. पहिल्या खर्ड्यात लिहिणाऱ्याच्या हातून सहज ‘बारा तारीख’ पडते, कारण मधली कुठलीही तारीख चालेल असं वाटतं. मग ॲपच्या पडद्यावर बारा तारखेला बाकी २,३८० आणि महिनाअखेरीलाही २,३८० दिसते. याचा अर्थ शिंद्यांच्या घरानं अठरा दिवस काहीच नेलं नाही. जो सगळा जन्म खात्यांच्या ओळी बघत आला आहे त्या किराणा दुकानदाराला हे एका नजरेत खटकतं आणि त्याचा पुढच्या कशावरच विश्वास बसत नाही. तेलाची खरेदी सत्तावीस तारखेला नेली की हा पेच सुटतो. रकमाही तशाच जुळाव्या लागतात. १,७४० अधिक ६४० म्हणजे २,३८०, हे वहीत, पडद्यावर, मेसेजमध्ये आणि वहिनींच्या तोंडी एकच असायला हवं. अनेक डेमोंमध्ये खात्याचं नाव ‘टेस्ट’ आणि रक्कम १,००० किंवा १०० असते. तसलं खातं कुठल्याच दुकानात नसतं.

उदाहरण घरगुती असावं हे संगणकाच्या जगात फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत माउस, पडद्यावर मजकूर संपादित करणं, दुव्यांनी जोडलेली कागदपत्रं आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच वेळी काम करणं, हे सगळं प्रत्यक्ष चालवून दाखवलं. ते प्रात्यक्षिक ९० मिनिटांचं होतं आणि समोर संगणकतज्ज्ञ बसलेले होते. तरीही मजकुराची मांडणी कशी बदलता येते हे दाखवायला त्यांनी संशोधनाचा अहवाल घेतला नाही. घरी जाताना आणायच्या सामानाची यादी घेतली, ती गटवार लावली आणि वाटेतल्या कामांचा नकाशाही उघडून दाखवला. तज्ज्ञांनाही नवी गोष्ट समजायला ओळखीची यादी सोयीची जाते.

मेसेजचा मजकूरही नुसता मनानं लिहून चालत नाही. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात, इंग्रजीत १६०. आणि फोन मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं चिन्ह म्हणून मोजतो, त्यामुळे ‘अण्णा’ हा शब्द पाच चिन्हं खातो. वरचा मेसेज सगळा मिळून ५३ चिन्हांचा आहे, म्हणजे एकाच एसएमएसात बसतो. स्क्रिप्टमध्ये ऐसपैस, नम्र, चार ओळींचा मेसेज लिहिला आणि प्रत्यक्षात ॲप त्रोटक मेसेज पाठवत असलं, तर पहिल्याच दिवशी दुकानदाराला फरक दिसतो. म्हणून ॲप खरोखर जो मजकूर पाठवतं तोच पडद्यावर आणायचा, आणि तो वाचून व्हायला निदान चार-पाच सेकंद हलवायचा नाही.

शेवटच्या निवेदनातही एक दुरुस्ती दडलेली आहे. ‘गिऱ्हाइकाला त्याच क्षणी कळतं’ हे वाक्य कानाला जास्त गोड लागतं. पण मेसेज पाठवणं ॲपच्या हातात आहे, पोचवणं मोबाइलच्या जाळ्याच्या हातात. गावाकडे रेंज नसेल तर तो तासाभरानं येईल. तेलाच्या गोष्टीत तासाभरानं काही बिघडत नाही, कारण अडचण महिन्याभराच्या विसरण्याची होती. तेव्हा ‘त्याच क्षणी’ काढून टाकल्यानं गोष्टीचं काही कमी होत नाही आणि खोटं वचनही दिलं जात नाही.

काय वगळलं आहे तेही बघण्यासारखं आहे. ॲप उघडताना येणारा लोगो नाही, मोबाइल नंबर टाकणं नाही, ओटीपीची वाट बघणं नाही. ही कामं दुकानदाराला एकदाच करायची आहेत आणि त्यांनी त्याची कुठलीच अडचण सुटत नाही. तरी पुष्कळ डेमो तिथूनच सुरू होतात, कारण बनवणाऱ्यांनी ॲप त्याच क्रमानं बांधलेलं असतं. निवेदनात ‘आता इथे दाबा, मग हे निवडा’ असंही नाही. बोट कुठे पडतं ते दिसतंच आहे. जे दिसतं तेच पुन्हा बोललं की डेमो शिकवणीसारखा होतो, आणि दुकानदारानं अजून शिकायचं की नाही हेच ठरवलेलं नसतं. आवाजानं बोटाच्या किंचित आधी यावं, अर्धा सेकंद पुरे. ‘सहाशे चाळीस’ ऐकू आलं आणि मग आकडे उमटले की नजर बरोबर त्या जागी असते. उलट झालं तर पाहणारा सतत मागे राहतो.

सुटलेली अडचण कुठे दाखवली आहे हेही पाहा. नोंद झाली की ॲपमध्ये हिरवी खूण येते आणि बऱ्याच स्क्रिप्ट तिथेच संपतात. पण त्या खुणेनं फक्त नोंद झाल्याचं कळतं. अण्णांचं भांडण काउंटरवर होतं, म्हणून ते काउंटरवरच मिटायला हवं. त्याच जागी, त्याच तारखेला, त्याच रकमेवर. चहापत्तीचं वाक्य तेवढ्यासाठीच ठेवलं आहे. आधी जिथे वही उलटली जात होती तिथे आता पुढचा सौदा होतो आहे, आणि दुकानदाराला ॲपचा फायदा यापेक्षा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी स्क्रिप्टची परीक्षा वेगळ्याच बाजूनं होते. ९ जानेवारी २००७ला स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन मंचावर दाखवला तेव्हा तो फोन अजून कच्चा होता. पत्रकार फ्रेड व्होगेलस्टाइन यांनी पुढे त्या तयारीची हकिगत लिहिली आहे. आधी ईमेल पाठवून मग वेबसाइट उघडली तर फोन नीट चाले, उलट्या क्रमानं केलं तर तो बंद पडण्याची भीती असे. अभियंत्यांनी कशानंतर काय करायचं याचा एक पक्का क्रम शोधून काढला आणि त्याला ‘गोल्डन पाथ’ म्हणजे सोनेरी वाट असं नाव दिलं. त्या दिवशी फोनवर सिग्नलच्या पाचही काड्या कायम दिसाव्यात अशीही व्यवस्था केलेली होती.

छोट्या ॲपच्या डेमोलाही अशी वाट आखावी लागते, आणि ती स्क्रिप्टच्याच शेजारी लिहून ठेवणं बरं. आपल्या स्क्रिप्टसाठी ती थोडक्यात अशी. रेकॉर्डिंगच्या फोनवर पंधरा-वीस खरी वाटतील अशी खाती आधीच भरलेली, शिंदेवहिनींची बाकी नेमकी १,७४०, फोनची तारीख सत्तावीस. मेसेज ज्या फोनवर जायचा तो चित्रीकरणाच्या गटातलाच, म्हणजे कुणा अनोळखी माणसाचा नंबर पडद्यावर येत नाही. बाकी सगळ्या सूचना बंद, नाहीतर ‘६४०’ टाइप होत असताना वरून कुणाचा तरी कौटुंबिक ग्रुपवरचा निरोप उतरतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये स्पर्शाची जागा ठिपक्यानं दाखवायची सोय आहे, ती चालू. मग तोच अठरा सेकंदांचा भाग चार-पाच वेळा रेकॉर्ड करून सगळ्यात शांत बोटाचा निवडायचा.

पण वाट आखणं आणि खोटी वाट दाखवणं यांत फरक आहे, आणि तो लिहिणाऱ्यानंच राखायचा असतो. आधीपासून भरलेली खाती चालतात. मधला निरुपयोगी थांबा कापणं चालतं. जे बटण ॲपमध्ये नाही ते चित्रात रंगवणं चालत नाही, आणि वीस सेकंद घेणारं काम दोन सेकंदांत झाल्याचं दाखवायचं असेल तर वेळ कमी केल्याची ओळ पडद्यावर हवी. ॲपलनं तर आपल्या ॲप स्टोअरसाठी नियमच केला आहे. तिथल्या ॲपच्या झलकेत फक्त ॲपच्या पडद्याचंच चित्रण चालतं. त्यावर आवाज किंवा अक्षरं घालता येतात, पण दुकान, वहिनी, स्वयंपाकघर यांना तिथे जागा नाही.

त्या झलकेची मर्यादाही ३० सेकंदांची आहे, आणि ती आपोआप, आवाज बंद ठेवून सुरू होते. गूगल प्लेवरही आपोआप चालतात ते पहिले तीस सेकंदच. नव्वद सेकंदांचा पूर्ण व्हिडिओ मग ॲपच्या वेबसाइटवर, यूट्यूबवर, व्यापारी संघाच्या बैठकीत किंवा इन्स्टाग्रामच्या रीलवर लागतो. २०२२पासून रीलची मर्यादा नव्वद सेकंद होती, २०२५च्या जानेवारीत ती तीन मिनिटांपर्यंत वाढली. वेळ वाढली म्हणून गोष्ट वाढवायची गरज नाही. उलट स्क्रिप्ट लिहितानाच दोन गोष्टी बघाव्यात. ॲपचा पडदा तिसाव्या सेकंदाच्या आत आलेला असावा. आपल्याकडे तो बाविसाव्या सेकंदाला येतो आणि याहून उशीर परवडणार नाही. आणि आवाज पूर्ण बंद केला तरी भांडण समजायला हवं. म्हणून वहिनींचं पहिलं वाक्य आणि अण्णांचं उत्तर अक्षरांतही द्यावं लागतं, ते पडद्याच्या अगदी तळाशी न ठेवता जरा वर, कारण तळाशी फोनची आणि रीलची स्वतःची बटणं असतात.

व्हिडिओ जमला की नाही हे तयार करणाऱ्यांना कळत नाही. त्यांना ॲप आधीच पाठ असतं. ज्यानं ते कधी पाहिलेलं नाही अशा दुकानदाराला तो एकदाच दाखवावा, मग फोन खाली ठेवावा आणि ‘कसा वाटला’ असं न विचारता विचारावं, ‘यात त्या माणसाची काय पंचाईत झाली होती?’ उत्तर ‘गिऱ्हाईक रक्कम मान्य करत नव्हतं’ असं आलं तर स्क्रिप्ट पोचली. ‘यात उधारी लिहिता येते, मेसेज जातो’ असं आलं तर त्याला सोयी दिसल्या, अडचण दिसली नाही. तेव्हा पहिल्या दहा सेकंदांकडे परत जावं. बहुतेक वेळा तिथे भांडण पुरेसं तापलेलं नसतं किंवा रक्कम ऐकूच आलेली नसते. ‘पोरगा आणि आई कशाबद्दल बोलत होती?’ असा प्रश्न आला तर चाळिसाव्या सेकंदापासूनचा मेसेज वाचून होण्याआधीच चित्र पुढे गेलं आहे.

असा प्रेक्षक कधीकधी लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्टही सांगतो. एखादा दुकानदार म्हणेल, आमच्याकडे नंबर गिऱ्हाइकाचा नसतो, नेणाऱ्या मुलाचा असतो, मेसेज त्यालाच जाईल. ही शंका नव्वद सेकंदांत सोडवायची नाही. ती ॲप बनवणाऱ्यांकडे न्यायची, आणि स्क्रिप्टमध्ये एवढंच बघायचं की मेसेज वहिनींच्याच फोनवर का गेला ते दिसतं आहे. खात्याच्या पडद्यावर नावाखाली त्यांचा नंबर दोन सेकंद वाचता आला की ते दिसतं. तो अर्थातच गटातल्या फोनचा.

काही महिन्यांनी ॲप बदलतं, ‘उधारी दिली’ हे बटण डावीकडून उजवीकडे जातं किंवा त्याचा रंग पालटतो, आणि जुना डेमो पाहून आलेला दुकानदार बटण शोधत बसतो. फोनचा पडदा दोनच ठिकाणी, चाळीस सेकंदांच्या आधीच्या अठरा सेकंदांत आणि अण्णा ‘जमा’ दाबतात तिथे, ठेवलेला असेल तर तेवढेच तुकडे नव्यानं रेकॉर्ड करून बसवता येतात. वहिनी, रोहन आणि तेलाचा डबा यांना पुन्हा बोलवावं लागत नाही.